मलावष्टंभाची चिकित्सा पाण्याच्या चौकशीपासून सुरू व्हावी

वयोवृद्ध रुग्ण मलावष्टंभाची तक्रार घेऊन आला की आपल्यापैकी बहुतेकांचा हात रेचकाच्या बरणीकडे जातो. त्रिफळा, हरीतकी, सोनामुखी, एरंडतेल, इसबगोल यांपैकी प्रकृतीला मानवेल ते आपण देतो आणि पुडीवर ‘रात्री कोमट पाण्यातून’ असे लिहितो. हा रुग्ण दिवसभरात पाणी किती पितो, आणि कमी पीत असेल तर का कमी पितो, हे दोन प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते साठी ओलांडलेल्या, विशेषतः स्त्री रुग्णांच्या बाबतीत, हे प्रश्न विचारल्याशिवाय रेचक देणे म्हणजे हेतू तसाच ठेवून लक्षणावर घाव घालणे होय. कारण या वयात पाणी कमी होण्यामागे पुष्कळदा एकच भीती असते, ती म्हणजे लघवी कपड्यात होईल ही. ही भीती रुग्ण आपण होऊन सांगत नाही. मल घट्ट होतो हे सांगण्यात त्याला संकोच नसतो, पण लघवी आवरत नाही हे सांगताना त्याची जीभ अडते. म्हणून तो आपल्याकडे अर्धीच तक्रार घेऊन येतो आणि आपणही त्या अर्ध्या तक्रारीवरच उपचार करून त्याला परत पाठवतो.

ही भीती अनाठायी नसते, हे प्रथम मान्य करावयास हवे. प्रसूतींनी शिथिल झालेल्या कटितळाच्या पेशी, रजोनिवृत्तीनंतर कोरडी पडलेली त्वचा, गुडघेदुखीमुळे मंदावलेली चाल आणि घरातील शौचालय अंगणापलीकडे किंवा जिन्याखाली, अशी परिस्थिती असताना वेग आल्यापासून शौचालय गाठेपर्यंत लघवी सुटणे हा नित्याचा अनुभव होतो. एसटीचा प्रवास, लग्नकार्य, भजनी मंडळ, देवदर्शनाची रांग या प्रत्येक प्रसंगी त्या स्त्रीच्या मनात पहिला विचार येतो तो शौचालय कुठे असेल याचा. यावर तिला सुचणारा उपायही सरळ आहे. प्यायलेच नाही तर लघवी होणारच नाही. सकाळी बाहेर पडायचे असेल तर चहाही टाळायचा, दुपारनंतर तांब्याकडे पाहायचे नाही, रात्रीच्या गोळ्या घोटभर पाण्यात गिळायच्या. काही दिवसांनी हा उपाय केवळ प्रवासापुरता राहत नाही, तो रोजचा नेम होतो.

पाणी कमी केल्यावर आत काय घडते

या उपायाने लघवीचे गळणे थांबते का, हा पहिला प्रश्न. दिवसाला तीन लिटर पिणाऱ्या व्यक्तीने प्रमाण कमी केले तर तिचा त्रास खरोखर कमी होतो, हे नाकारता येणार नाही. पण आधीच अर्धा-पाऊण लिटरवर आलेल्या वृद्धेला आणखी कमी करून काही मिळत नाही. तिची लघवी गडद आणि तीक्ष्ण होते, आणि अशा मूत्राने अनेकांच्या मूत्राशयाची चेतना वाढून थोड्याशा साठ्यालाही वेग येऊ लागतो. शिवाय वारंवार जाऊन थोडे थोडे रिकामे करण्याच्या सवयीने मूत्राशयाची धारणाशक्तीही उणावते. खोकताना वा उठताना गळणाऱ्या रुग्णांत तर थोडे मूत्र असले तरी दाबाबरोबर ते बाहेर येतेच. म्हणजे कष्ट पुरे आणि फळ अपुरे, अशी तिची स्थिती होते.

दुसरीकडे मलाची काय अवस्था होते ते पाहू. मोठ्या आतड्यात दररोज सुमारे दीड लिटर द्रव येतो आणि त्यातील साधारण शंभर ते दोनशे मिलिलिटर मलाबरोबर बाहेर पडतो. उरलेला सर्व शोषला जातो. शरीरात पाण्याची ओढ लागली की वृक्क जसे पाणी राखून ठेवतात तसेच मोठे आतडेही क्षार आणि पाणी अधिक ओढून घेते. वृद्धापकाळी आतड्याची गती मंद असते, त्यामुळे मल तेथे अधिक काळ राहतो आणि अधिक सुकतो. परिणामी खडा धरतो. त्यात तहानेची जाणीवही वयानुसार बोथट झालेली असते, त्यामुळे शरीर मागणी नोंदवीत नाही आणि रुग्णाला आपले काही चुकते आहे असे वाटत नाही.

येथे एक सावधगिरीची नोंद करणे आवश्यक आहे. ‘भरपूर पाणी प्या, पोट साफ होईल’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला तितकासा खरा नाही. पुरेसे पाणी पिणाऱ्या व्यक्तीला आणखी दोन लिटर पाजले तर ते लघवीवाटे निघून जाते, मल काही विशेष मऊ होत नाही. पाण्याने लाभ होतो तो ज्याचे पाणी मुळात तुटपुंजे आहे त्याला. म्हणूनच सरसकट उपदेशापेक्षा त्या रुग्णाचे मोजमाप महत्त्वाचे.

यापुढची कडी आपल्याकडून अधिकच दुर्लक्षिली जाते. मलाशयात साचलेला कठीण मल समोरच्या मूत्राशयावर आणि त्याच्या मुखावर दाब आणतो. त्यामुळे मूत्राशयाला पुरते भरायला जागा मिळत नाही, पुरते रिकामेही होता येत नाही आणि वेग वारंवार येतो. कुंथण्याने कटितळाच्या पेशी आणखी ढिल्या पडतात. लघवी अधिक गळते म्हणून पाणी अधिक तोडले जाते, पाणी तोडले म्हणून मल अधिक घट्ट होतो आणि घट्ट मलामुळे लघवी आणखी गळते. हे चक्र ज्या स्त्रीच्या शरीरात फिरते आहे तिला केवळ रेचक दिल्याने ते थांबणार नाही.

शास्त्र काय सांगते

आपल्या शास्त्राला हे चक्र अपरिचित नाही. श्रोणी, बस्ती आणि ऊरू या प्रदेशांत संचार करणारा, मल आणि मूत्र या दोहोंना बाहेर काढणारा वायू एकच आहे, तो अपान. एका मार्गात अवरोध झाला की दुसऱ्यात त्याचे पडसाद उमटणारच. चरकाचार्यांनी नवेगान्धारणीय अध्यायात तेरा वेग सांगितले आहेत. मूत्र आणि पुरीष यांचे वेग रोखू नयेत हे आपण सर्व जण रुग्णांना सांगतो, परंतु त्याच यादीत तृष्णेचा वेगही आहे हे आपण विसरतो. तहान मारल्याने कंठ आणि मुख यांचा शोष, श्रम, अवसाद, बाधिर्य आणि हृदयप्रदेशी व्यथा होते असे तेथे सांगितले असून, शीत तर्पण हा त्यावरील उपक्रम सांगितला आहे. मूत्रवेग सांभाळण्यासाठी तृष्णावेग मारणारी वृद्धा एका वेगाच्या भीतीने दुसरा वेग रोखते आहे, आणि त्यापायी तिसरा, म्हणजे पुरीषाचा वेग, बिघडतो आहे.

यावर आपल्यातील काही ज्येष्ठ व्यवसायबंधू वाग्भटाचार्यांचा आधार देतात. अष्टांगहृदयाच्या द्रवद्रव्यविज्ञानीय अध्यायात शरद आणि ग्रीष्म वगळता निरोगी माणसानेही पाणी अल्प प्रमाणात प्यावे असे म्हटले आहे, मग वृद्धांना पाणी वाढवायला का सांगायचे, असा त्यांचा प्रश्न असतो. तो योग्य आहे आणि त्याचे उत्तर देणे आपले कर्तव्य आहे. एक तर हे विधान अकारण आणि एका दमात ढसाढसा पिण्याविरुद्ध आहे, तहान मारण्याच्या बाजूने नाही. त्याच ग्रंथाच्या त्याआधीच्या अध्यायात तृष्णा हा अधारणीय वेग म्हणूनच गणला आहे. दुसरे असे की, वृद्धावस्था ही वाताची आणि रूक्षतेची अवस्था. जेथे मल शुष्क, त्वचा रूक्ष आणि जिव्हा कोरडी दिसते आहे, तेथे अल्प पाण्याचा नियम दाखवणे म्हणजे नियमाचा अर्थ न पाहता त्याचा शब्द धरणे होय. मात्र त्याच विधानातून आपण एक गोष्ट अवश्य घ्यावी. पाणी वाढवायचे ते थोडे थोडे, दिवसभर विभागून. मूत्राशयासाठीही तेच हितकर आहे.

एक रुग्णा

चर्चा मोघम राहू नये म्हणून एका रुग्णेचा वृत्तांत देतो. तालुक्याच्या गावी राहणारी, बहात्तर वर्षांची, चार प्रसूती झालेली स्त्री. तक्रार एकच, चौथ्या दिवशी शौचाला होते आणि तेही शेळीच्या लेंड्यांसारखे. आठ महिन्यांपासून सोनामुखीयुक्त चूर्ण आणि दोन चमचे इसबगोल रात्री घेत होती. चूर्णाची मात्रा दीडपट झाली होती. अलीकडे मधूनच पातळ मल कपड्याला लागत असे, म्हणून घरच्यांना वाटे की चूर्ण लागू पडले आहे.

‘पाणी किती पिता?’ या प्रश्नाला तिचे उत्तर होते, ‘पिते की भरपूर.’ या प्रश्नाला बहुतेक सर्व रुग्ण हेच उत्तर देतात, म्हणून तो प्रश्न असा विचारू नये. सुनेला बाहेर बसायला सांगून तिला विचारले, ‘आजी, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय प्यालात, क्रमाने सांगा.’ तेव्हा हिशेब निघाला तो असा. चहा दोन वेळा, मिळून दोनशे मिलिलिटर. सकाळ-रात्रीच्या गोळ्यांबरोबर शंभर. दुपारच्या जेवणात एक फुलपात्र, म्हणजे दोनशे. रात्रीच्या जेवणात अर्धे फुलपात्र, शंभर. ताक अगदी थोडे, पन्नास. एकूण साडेसहाशे मिलिलिटर. इसबगोल कशातून घेता, असे विचारल्यावर तिने बोटांनी दाखवले, दोन घोट. आणि मग ती आपण होऊन म्हणाली, ‘प्यायलं की धावावं लागतं डॉक्टरसाहेब, आणि धावूनही पोचत नाही. म्हणून चार वाजल्यानंतर मी पाण्याला शिवतच नाही.’ मूळ व्याधी या वाक्यात होती.

तिला तीन दिवसांची नोंद करायला सांगितली. मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा जग दिला आणि प्रत्येक वेळी लघवी किती झाली, किती वाजता झाली, कपडे ओले झाले का, एवढेच नातवाकडून वहीत लिहून घ्यायला सांगितले. दिवसरात्र मिळून आठ वेळा लघवी, प्रत्येक वेळी साठ ते शंभर मिलिलिटर, आणि दिवसातून दोन-तीनदा गळती, तीही बहुतेक वेळा वेग आल्यावर वाटेतच. मूत्रतपासणीत जंतुसंसर्ग नव्हता, रक्तशर्करा मर्यादेत होती. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर मूत्राशयात चाळीस मिलिलिटर मूत्र उरले होते, म्हणजे अडथळा नव्हता. गुदपरीक्षणात मलाशय कठीण मलाने भरलेले आढळले. याचा अर्थ कपड्याला लागणारा पातळ मल हा चूर्णाचा गुण नव्हता, तर अडकलेल्या खड्याच्या बाजूने झिरपणारा द्रव होता. हा भेद ओळखला नाही तर एक वैद्य रेचक वाढवतो आणि दुसरा अतिसार समजून स्तंभन देतो, आणि दोघांच्याही हातून अपायच होतो.

चिकित्सेचा पहिला भाग म्हणून चूर्ण आणि इसबगोल दोन्ही बंद केले. सात दिवस तिळतेलाचा साठ मिलिलिटर मात्राबस्ती दिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी खडे पडले. चौथ्या दिवसापासून मलाशय रिकामे राहू लागले. या आठवड्यातच लघवीची धावपळ काहीशी कमी झाली, मूत्राशयासाठी एकही औषध दिलेले नसताना. रुग्णेचा विश्वास येथे बसला. पाणी प्यायला सांगण्याची योग्य वेळ हीच. त्याआधी सांगितले असते तर तिने मान डोलावून घरी जाऊन काहीही बदलले नसते.

दुसरा भाग पाण्याचा. एकदम दोन लिटर सांगितले नाहीत. दर तीन दिवसांनी एकेक फुलपात्र वाढवायचे आणि चहा-ताक-आमटीचे पाणी धरून दीड लिटरच्या आसपास थांबायचे, असे ठरले. वेळाही ठरवून दिल्या. उठल्यावर एक फुलपात्र कोमट पाणी, दहा वाजता एक, दुपारच्या जेवणात एक, दोनच्या सुमारास एक, चार-साडेचारला एक, संध्याकाळी सहाच्या आत अर्धे. त्यानंतर रात्रीच्या जेवणात मोजके आणि झोपण्यापूर्वीचे दोन तास केवळ घोटभर. म्हणजे पाणी वाढले, पण रात्रीची झोप मोडणार नाही अशा रीतीने वाढले. दुपारचा चहा निम्मा केला, कारण चहाने वेग लवकर येतो हे तिनेच नोंदवहीत पाहिले होते.

तिसरा भाग मूत्राशयाचा. वेग येण्याची वाट न पाहता दर दोन तासांनी घड्याळ पाहून जायचे, आणि आठवडाभर कपडे कोरडे राहिले की अंतर पंधरा मिनिटांनी वाढवायचे. मध्येच तीव्र वेग आला तर धावायचे नाही. जागच्या जागी बसायचे किंवा उभे राहायचे, अधोवायू आवरताना जसे गुद आत ओढतो तसे पाच-सहा वेळा झटकन आकुंचन करायचे, वेगाची लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचे. येथे कोणी म्हणेल की हे वेगधारण झाले. तसे नाही. मूत्राशयात मूत्र साठलेले नसताना उठणारी खोटी हाक क्षणभर शमवणे आणि भरलेल्या मूत्राशयाचा वेग तासन् तास कोंडणे, या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय पाच सेकंद आकुंचन, पाच सेकंद विश्राम, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. या व्यायामाचे फळ दिसायला बारा आठवडे लागतात हे तिला पहिल्या दिवशीच सांगितले, कारण आठवड्यात गुण नाही म्हणून तो सोडणारेच अधिक.

चौथी गोष्ट तिच्या गोळ्यांच्या पाकिटात सापडली. रक्तदाबाच्या गोळीत मूत्रल घटक होता आणि ती गोळी ती रात्री घेत असे. आपण होऊन त्यात फेरफार केला नाही. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली, त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितले. दीर्घकाळ घेतलेली सोनामुखी आणि मूत्रल गोळी, दोन्ही शरीरातील पोटॅशियम कमी करतात, म्हणून त्याचीही एक तपासणी करून घेतली.

सहा आठवड्यांनी तिचे पाणी साडेचौदाशे मिलिलिटरवर स्थिरावले होते. लघवी दिवसरात्र मिळून आठ वेळाच होत होती, पण प्रत्येक वेळी दीडशे ते दोनशे मिलिलिटर. म्हणजे पाणी दुपटीहून अधिक झाले तरी फेऱ्या वाढल्या नाहीत. मूत्राशय अधिक धरू लागले. शौचाला एक दिवसाआड, बांधीव आणि मऊ. रात्री अर्धा चमचा त्रिफळा पुरेसा होत होता. गळती पूर्ण थांबली नाही. रोजच्या दोन-तीन वेळांवरून ती आठवड्यातून दोनदा इतकी उरली. प्रवासात ती अजून पॅड वापरते, आणि तो वापरून प्रवासातही पाणी पिते. मला यात उणेपणा वाटत नाही. पॅड लावून पाणी पिणे हे पॅड न लावता तहानलेले राहण्यापेक्षा कितीतरी चांगले.

कोठे थांबावे

ही रीत सर्वांना लागू नाही. हृदयाचे कार्य मंदावलेले, पायावर सूज असलेले, वृक्कविकाराने ग्रस्त किंवा रक्तातील सोडियम कमी असलेले रुग्ण बहुधा डॉक्टरांनी घालून दिलेल्या पाण्याच्या मर्यादेत असतात. त्यांना ‘पाणी वाढवा’ असे सांगणे धोक्याचे ठरेल. तेथे स्नेह, बस्ती आणि औषधांची फेरतपासणी यांवरच भर द्यावा आणि पाण्याचा निर्णय त्यांच्या चिकित्सकाशी बोलूनच घ्यावा. अशा रुग्णांत कोंडा, इसबगोल यांसारखे तंतूही वाढवू नयेत, कारण पाण्याविना तंतू म्हणजे आतड्यात कालवलेला चिखल.

पुरुष रुग्णांत थेंब थेंब गळणारी लघवी ही पौरुषग्रंथीच्या वाढीमुळे तुंबलेल्या मूत्राशयाची ओसंडणारी धार असू शकते. ओटीपोटावर हात ठेवून टिचकी मारून पाहण्यास अर्धा मिनिट लागतो. तेथे भरीवपणा जाणवला तर पाणी वाढवण्याआधी त्याला तज्ज्ञाकडे पाठवावे. लघवीत वा मलात रक्त, वजनात घट, पांडुता, अलीकडेच बदललेली मलाची सवय, उलटी व पोटफुगी, अथवा पायातील बळ एकाएकी जाऊन मलमूत्राचे भान हरपणे, यांपैकी काहीही असेल तर हा विषय आपल्या चूर्णाचा नाही.

आणखी एक प्रसंग आपल्या दवाखान्यात येतो. गळती थांबावी म्हणून मूत्राशयाची चेतना कमी करणाऱ्या गोळ्या काही रुग्णांना अन्यत्र सुरू असतात. त्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि मल घट्ट होतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही तेच होते. रुग्ण आपल्याकडे रेचक मागतो. आपण गोळ्यांचे पाकीट पाहिले नाही तर एका औषधाचा दोष दुसऱ्या औषधाने झाकण्यात आपणही सहभागी होतो.

औषधविक्रेत्या बंधूंना

या अंकाचे अनेक वाचक औषधालये चालवतात. वृद्धांचे बरेचसे रेचक वैद्याच्या चिठ्ठीविना त्यांच्याच दुकानातून जाते, त्यामुळे या प्रश्नात त्यांचे स्थान आपल्या बरोबरीचे आहे. इसबगोलाचे पाकीट देताना एक वाक्य अवश्य सांगावे, ‘पूर्ण पेलाभर पाण्यात लगेच घ्या, वर आणखी पाणी प्या, आणि अंथरुणावर पडायच्या वेळी घेऊ नका.’ कमी पाण्यात घेतलेला इसबगोल घशात वा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो आणि खडा असलेल्या मलाशयावर आणखी एक बूच बसवू शकतो. पाकिटावर हे छापलेले असते, पण ते अक्षर सत्तरीतल्या डोळ्यांना दिसत नाही.

तेच चूर्ण महिन्यामागून महिना नेणारे, आणि दर वेळी मोठे पाकीट मागणारे गिऱ्हाईक दिसले की हळूच विचारावे, ‘बाहेर जायचं असलं की पाणी कमी करता का?’ लघवीचा उल्लेखही करावा लागत नाही, ज्याला समजायचे त्याला समजते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला दुसरे रेचक न देता वैद्याकडे पाठवावे. त्यात एका पाकिटाची विक्री बुडेल हे खरे. पण प्रौढांचे पॅड, मापाचा जग याही वस्तू औषधालयातच मिळतात. त्या काउंटरखाली दडवून, काळ्या पिशवीत गुंडाळून न देता उघडपणे मांडल्या तर वृद्धांची भीड निम्मी तेथेच मोडेल.

आणि वैद्यबंधू-भगिनींना एक विनंती. अनुपान हा आपल्या शास्त्राचा विचारपूर्वक सांगितलेला भाग आहे, पण पुडीवर लिहिलेले ‘कोमट पाण्यातून’ हे शब्द रुग्णाच्या घरी दोन घोट होऊन जातात. ते किती, हे आपण लिहीत नाही. यापुढे ‘एक फुलपात्र कोमट पाण्यातून, सायंकाळी सहाच्या आत’ असे लिहावे. त्रिफळा रात्रीच घ्यावी असा आग्रह अशा रुग्णात धरण्याचे कारण नाही. संध्याकाळी लवकर घेतलेली त्रिफळाही सकाळी काम करते आणि तिच्याबरोबरचे पाणी झोपेआधी निघून जाते.

बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत एवढी चौकशी कोठे करायची, असा आक्षेप येईल. कालच्या दिवसाचा हिशेब विचारायला दोन मिनिटे लागतात. प्रश्नपत्रिकेत मलाच्या प्रश्नाखालीच मूत्राचा आणि पाण्याचा प्रश्न छापून घेतला तर तीही लागणार नाहीत. साठीपुढील मलावष्टंभाच्या रुग्णाला पहिले रेचक लिहिण्याआधी हे दोन रकाने भरलेले असावेत, एवढा नियम प्रत्येकाने आपल्या दवाखान्यापुरता केला तरी पुरे.